शाळेची प्रवेश सूचना वाचूनही पालक तेच प्रश्न विचारतात : दोष कोठे आहे, तो कसा शोधावा

नाशिकमधील शाळांच्या प्रवेश सूचना तपासून दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कुठल्या ना कुठल्या शाळेच्या कार्यालयातून एकच तक्रार ऐकू येते : सूचना सगळीकडे पाठवली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चित्रासह दिली, तरी फोन थांबत नाहीत आणि खिडकीपाशी आलेले निम्मे पालक अपुऱ्या कागदपत्रांनिशी परत जातात. पालक वाचत नाहीत, असा निष्कर्ष शाळा काढते. माझा अनुभव वेगळा आहे. पालक बहुधा वाचतात. त्यांना हवे असलेले वाक्य त्या मजकुरात नसते, किंवा असूनही फोनच्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून चित्राखालच्या त्या दहा-पंधरा ओळींच्या मजकुराचीच, म्हणजे कॅप्शनची, तपासणी कशी करावी ते येथे क्रमाने लिहीत आहे. जी तपासणी फुकट आणि दोन मिनिटांत होते ती आधी घेतली आहे आणि जिला मुख्याध्यापकांसह बैठक लागते ती शेवटी.

आधी लक्षणे ओळखा

कार्यालयात फोन घेणाऱ्या व्यक्तीला एका वहीत दोन दिवस फक्त प्रश्न लिहून ठेवायला सांगावे. नाव, नंबर काही नको, केवळ प्रश्न. त्या पानावरून दोष जवळजवळ नेमका कळतो. “प्रवेश सुरू झाले का?” किंवा “हे यंदाचेच आहे ना?” असे प्रश्न जास्त असतील, तर दोष पहिल्या दोन ओळींत आहे. शेवटच्या दिवशी बंद दारापाशी पालक उभे राहिले किंवा मुदत संपल्यावर “आजच शेवटचा दिवस आहे ना?” असे विचारत आले, तर दोष तारखेच्या वाक्यात आहे. “माझी मुलगी पहिलीत बसेल का?” हा प्रश्न वारंवार येत असेल, तर वयाची अट मोघम लिहिली गेली आहे. पालक खिडकीपर्यंत येऊन परत जात असतील, तर कागदपत्रांची ओळ पाहावी. फोन फारच कमी येत असतील आणि तरीही फाटकाशी गर्दी होत असेल, तर नंबर चुकीचा आहे, तो उचलला जात नाही किंवा तो फक्त चित्रात छापला आहे.

शेवटचे लक्षण मात्र वेगळ्या जातीचे आहे. एकाच प्रश्नाला मुख्याध्यापिका एक उत्तर देतात आणि लिपिक दुसरे देतात, असे दिसले, तर दोष मजकुरात नाही, निर्णयातच आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पहिली तपासणी : पडद्यावर आधी काय दिसते

पाथर्डी फाट्याजवळच्या एका शाळेने यंदा दिलेली कॅप्शन मी उदाहरणादाखल घेतो, कारण तिच्यात बहुतेक सगळे दोष एकत्र सापडतात. ती अशी होती :

“प्रवेश सुरू! प्रवेश सुरू! आमच्या शाळेत नर्सरी ते इयत्ता चौथीचे प्रवेश सुरू झाले आहेत. निसर्गरम्य परिसर, अनुभवी शिक्षकवृंद, डिजिटल वर्ग, भव्य क्रीडांगण. जागा मर्यादित! आवश्यक कागदपत्रांसह १९ तारखेपर्यंत संपर्क साधावा.”

इन्स्टाग्रामवर कॅप्शनची साधारण पहिली १२५ अक्षरचिन्हे दिसतात आणि उरलेला मजकूर ‘more’ या शब्दामागे जातो. फेसबुकवर आणि लांब व्हॉट्सॲप संदेशातही पुढचा भाग असाच झाकला जातो. मराठीत ही मर्यादा आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण संगणक प्रत्येक काना, मात्रा, उकार आणि हलंत वेगळा मोजतो. ‘प्रवेश’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्याची मोजणी सहा होते. “प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!” एवढ्यातच पंचवीस चिन्हे, म्हणजे उपलब्ध जागेचा पाचवा हिस्सा खर्च झाला आणि पालकाला एकही नवी गोष्ट कळली नाही. त्यानंतर परिसर आणि शिक्षकवृंद आले, आणि तारीख पडद्याआड गेली.

तपासणी सोपी आहे. मजकूर स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी साध्या फोनवर पाठवावा आणि ‘more’ न दाबता जेवढे दिसते तेवढेच मोठ्याने वाचावे. त्या तुकड्यात शाळेचे नाव, परिसर, शैक्षणिक वर्ष, इयत्ता आणि अर्ज जमा करण्याची शेवटची तारीख एवढे आलेच पाहिजे. क्रीडांगणाचे वर्णन खाली जाऊ शकते; ते वाचायला पालकाला घाई नसते.

शैक्षणिक वर्ष पहिल्या ओळीत घालण्याचा आग्रह मी विशेष धरतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश वर्ष संपले म्हणून थांबत नाही. गेल्या वर्षीचा “१९ तारखेपर्यंत” असलेला संदेश यंदा कोणा मावशीच्या फोनवरून पुन्हा सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि त्यावर वर्ष नसल्यामुळे तो खरा वाटतो. “शैक्षणिक वर्ष २०२६-२७” हे शब्द मजकुरात आणि चित्रातही असावेत, कारण पुढे पाठवताना चित्र आणि कॅप्शन वेगळे होऊ शकतात.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. अनेक शाळांमध्ये जुनी पत्रे श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असतात. तेथून उचललेला मजकूर फोनवर चिकटवला की अक्षरांऐवजी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात, आणि मग कंटाळून सगळा मजकूर चित्र म्हणून टाकला जातो. तसे करू नये. तेवढ्या दहा ओळी फोनच्या मराठी कळफलकावर पुन्हा टाइप केलेल्या बऱ्या. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, मोठा करून वाचताना फुटतो आणि दृष्टिहीन पालकाच्या फोनला तो वाचून दाखवता येईलच असे नाही.

दुसरी तपासणी : भिंतीवरची दिनदर्शिका

वरच्या कॅप्शनमधील “१९ तारखेपर्यंत” या दोन शब्दांत चार उणिवा आहेत. महिना नाही, वर्ष नाही, वार नाही, आणि १९ तारीख धरून की वगळून, तेही स्पष्ट नाही. त्या शाळेला १९ फेब्रुवारी २०२६ अभिप्रेत होती. तो गुरुवार होता आणि त्या दिवशी शिवजयंतीची सार्वजनिक सुटी होती. शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन आलेल्या पालकांना कार्यालयाला कुलूप दिसले आणि शहरात मिरवणुकांमुळे रस्तेही अडलेले होते. शाळेने दुसऱ्या दिवशी त्यांचे अर्ज घेतले खरे, पण मग २० तारखेला आलेल्या इतरांना कोणत्या आधाराने नाकारायचे, हा वाद उभा राहिला.

तारीख लिहिण्यापूर्वी दिनदर्शिका उघडून वार लिहून काढला असता, तर हे तेथेच लक्षात आले असते. वार लिहिण्याचा खरा उपयोग हाच आहे : वार आणि तारीख जुळत नसेल, तर चूक प्रसिद्ध होण्यापूर्वी सापडते. नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्च हा प्रवेशाचा आणि सणांचाही काळ आहे. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वराकडे जाणारी वाहतूक वाढते. धुळवडीपेक्षा रंगपंचमी येथे मोठी असते आणि जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जुने हौद, उघडल्या की त्या भागातून कागदपत्रे सांभाळत जाणे कोणालाही शक्य नसते. अशा दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी मुदत संपवू नये.

दुसरा मुद्दा असा की प्रवेशात शेवटची तारीख एक नसते. अर्ज मिळण्याची, अर्ज जमा करण्याची, निवड यादी लागण्याची आणि शुल्क भरून प्रवेश निश्चित करण्याची, अशा चार वेगळ्या तारखा असतात. “अंतिम मुदत” एवढाच शब्द लिहिला की अर्ज नेण्याची मुदत समजून पालक शेवटच्या दुपारी कोरा अर्ज न्यायला येतात. म्हणून प्रत्येक तारखेपुढे क्रियापद असावे : अर्ज मिळतील, जमा करावा, यादी लागेल, शुल्क भरावे. आणि जमा करण्याच्या तारखेपुढे वेळ असावी, कारण फाटक साडेपाचला बंद होत असले, तरी खिडकी चारलाच बंद होते, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते.

तिसरी तपासणी : वयाऐवजी जन्मतारीख

महाराष्ट्रात प्रवेशाचे किमान वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजले जाते. नर्सरीसाठी तीन वर्षे पूर्ण आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण. सूचनेत “वय ६ वर्षे पूर्ण असावे” एवढेच लिहिले, तर पालक वय आजच्या तारखेला मोजतो. ऑक्टोबरात सहा वर्षांची होणारी मुलगी फेब्रुवारीत साहजिकच पाच वर्षांची असते, म्हणून तिचे पालक अर्जच करत नाहीत, किंवा फोन करतात.

हिशेब शाळेने करावा आणि उत्तर तेवढे छापावे. २०२६-२७ साठी : नर्सरी, जन्म ३१ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यापूर्वीचा, पहिली, जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वीचा. मधल्या दोन गटांच्या तारखाही त्याच क्रमाने येतात. हे एक वाक्य घातल्यावर वयाविषयीचे फोन जवळजवळ बंद होतात, असे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे.

चौथी तपासणी : “आवश्यक कागदपत्रांसह”

सगळ्यात जास्त हेलपाटे या दोन शब्दांमुळे होतात, म्हणून येथे थोडा वेळ द्यावा. आवश्यक म्हणजे कोणती, मूळ की झेरॉक्स, आणि एखादे नसेल तर काय, या तिन्हींची उत्तरे मजकुरात असायला हवीत. मूळ प्रत केवळ पडताळणीसाठी आणि झेरॉक्स जमा करण्यासाठी, असे स्पष्ट लिहिले नाही, तर कोणी मूळ दाखला शाळेत ठेवून जातो आणि कोणी फक्त झेरॉक्स घेऊन येतो.

सर्वांत अडचणीचा कागद जन्मदाखला आहे. तो बहुतेक घरांत असतो, पण त्यावर बाळाचे नाव नसते. जन्माची नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते; नावाचा रकाना कोरा राहतो आणि ते नाव नंतर नोंदवून घ्यायचे राहून जाते. ही गोष्ट पालकाला पहिल्यांदा कळते ती शाळेच्या खिडकीपाशी. त्यात आणखी एक गुंता आहे. जन्माची नोंद राहत्या ठिकाणी होत नाही, जेथे जन्म झाला तेथे होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे सिडकोत राहणाऱ्या मुलाची नोंद मालेगावच्या महापालिकेत असते, किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत. नाव घालून नवा दाखला आणण्यासाठी कोणाला तरी रजा काढून तेथे जावे लागते. नाशिक महापालिकेच्या हद्दीत जन्म झाला असेल, तर काम विभागीय कार्यालयात होते, पण तेही एका फेरीत होईलच असे नाही.

म्हणून सूचनेत “जन्मदाखला (बालकाचे नाव नोंदलेला)” असे लिहावे, आणि सूचना व शेवटची तारीख यांत किमान अडीच आठवड्यांचे अंतर ठेवावे. चार दिवसांच्या मुदतीत माहेरच्या गावाहून दाखला येत नाही. आणि ज्या पालकाचा दाखला येणे बाकी आहे, त्याने काय करावे तेही सांगावे. पहिलीपासून पुढच्या वर्गांबाबत येथे कायदाही स्पष्ट आहे : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल, तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद, किंवा पालकाचे वयाबाबतचे घोषणापत्र हे पर्याय आहेत. “जन्मदाखल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही” असे वाक्य त्यामुळे नुसते कठोर नसते, ते चुकीचेही असते.

दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. दुसरी ते चौथीत येणाऱ्या मुलासाठी तो लागतो, पण जुनी शाळा तो वर्ष संपल्याशिवाय सहसा देत नाही. अर्जाच्या वेळी तो मागितला, तर पालकाला जुन्या शाळेतले नाव आधीच कापून घ्यावे लागते आणि इकडे निवड झाली नाही, तर मूल मधल्यामध्ये अडकते. याच कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मिळण्यास उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणून “शाळा सोडल्याचा दाखला : निवड झाल्यानंतर” असे लिहावे.

तिसरा कागद आधार. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही, असे म्हटले आहे. “आधार कार्ड, असल्यास” असा एक शब्द जास्त लिहिला की ज्यांच्या मुलाचे आधार अजून निघालेले नाही, ते पालक घरी थांबत नाहीत. आधारचे किंवा दाखल्याचे फोटो कोणा शिक्षकाच्या खासगी नंबरवर मागवू नयेत. ते फोटो पुढे कोठे जातात यावर नंतर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

पाचवी तपासणी : नंबर स्वतः लावून पाहा

कॅप्शनमधील नंबर फोनवर दाबला की थेट कॉल लागला पाहिजे. चित्रात छापलेला नंबर दाबून उपयोग होत नाही. मजकुरात तो देवनागरी अंकांत लिहिला असेल, तर अनेक फोन त्याला नंबर म्हणून ओळखत नाहीत. तारखा मराठी अंकांत ठेवाव्यात, पण दूरध्वनी क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत, सलग, मध्ये रेघ न देता लिहावा. मग दुसऱ्याच फोनवरून दुपारी दीड वाजता तो लावून पाहावा. जेवणाच्या सुटीत कोणी उचलत नसेल, तर सूचनेत फोनची वेळ “१० ते १ आणि २.३० ते ४” अशी खरी लिहावी.

वेळेचा प्रश्न नाशिकमध्ये आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत पाळीत काम करणाऱ्या पालकांना कार्यालयीन वेळेत येण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. मुदतीतील एक-दोन शनिवारी खिडकी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवली आणि ते कॅप्शनमध्ये लिहिले, तर शेवटच्या दिवशीची रांग निम्म्यावर येते. याला खर्च एवढाच की एका कर्मचाऱ्याला दोन संध्याकाळी थांबावे लागते.

“संपर्क साधावा” या शब्दांऐवजी पायऱ्या लिहाव्यात : अर्ज कोठून न्यायचा, कोणी यायचे, मुलाला आणायचे की नाही. मुलाला आणू नये असे स्पष्ट लिहिलेले चांगले, कारण नाहीतर पालक त्याला मुलाखतीसाठी तयार करून आणतात. बालकाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन निवड करण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे आणि तिचा भंग झाल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या सूचनेतून नकलून आलेला “मुलाखतीस उपस्थित राहावे” हा शब्द अजूनही अनेक शाळांच्या मजकुरात तसाच आढळतो. तो दिसताक्षणी काढावा.

सहावी तपासणी, आणि सर्वांत कठीण : निर्णय झाला आहे का

वर सांगितलेले सगळे करूनही प्रश्न थांबत नसतील, तर मुख्याध्यापक, लिपिक आणि व्यवस्थापनाचा एक सदस्य यांना एकत्र बसवून एकच गोष्ट विचारावी : जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर निवड कशी होणार? “जागा मर्यादित” हे शब्द बहुधा या प्रश्नाचे उत्तर ठरलेले नसते तेथे येतात. त्यामुळे पालक धास्तावतात आणि प्रत्येक जण आपली जागा नक्की आहे का, हे विचारायला फोन करतो. सोडत काढणार असाल, तर तिची तारीख, वेळ आणि जागा लिहावी. आधी येईल त्याला आधी जागा, असे ठरले असेल, तर तेही लिहावे. जे ठरलेलेच नाही ते कितीही सुंदर भाषेत लिहिले तरी फोन येतच राहतात, आणि ही दुरुस्ती मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात नसते.

याच बैठकीत शिक्षण हक्क कायद्याखालच्या, म्हणजे आरटीईच्या, २५ टक्के जागांची ओळ वेगळी करून घ्यावी. शाळेच्या स्वतःच्या प्रवेशाची मुदत आणि त्या जागांची मुदत यांचा एकमेकींशी संबंध नसतो, पण एकाच सूचनेत दोन्हींचा उल्लेख झाला की पालक आरटीईचा अर्ज घेऊन शाळेत येतात आणि तिकडे शासनाच्या संकेतस्थळावरची खरी मुदत निघून जाते.

दुरुस्त केलेली कॅप्शन

पाथर्डी फाट्याच्या त्या सूचनेवर वरच्या क्रमाने काम केल्यावर तिचे रूप असे होते. कंसात शाळेने स्वतःचा तपशील भरायचा आहे.

“(शाळेचे नाव), पाथर्डी फाटा. वर्ष २०२६-२७, नर्सरी ते चौथी प्रवेश. अर्ज जमा : शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६, दुपारी ४ पर्यंत.

पालकहो, कोरे अर्ज सोमवार, २ फेब्रुवारीपासून शाळेच्या कार्यालयात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत मिळतील. शनिवार, ७ आणि १४ फेब्रुवारी रोजी कार्यालय संध्याकाळी ६ पर्यंत उघडे राहील. रविवारी आणि गुरुवार, १९ फेब्रुवारी (शिवजयंती) रोजी कार्यालय बंद असेल.

वय : नर्सरीसाठी जन्म ३१ डिसेंबर २०२३ किंवा त्यापूर्वीचा; पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२० किंवा त्यापूर्वीचा. इतर वर्गांच्या तारखा अर्जावर दिल्या आहेत.

अर्जासोबत : बालकाचे नाव असलेला जन्मदाखला, रहिवासाचा एक पुरावा, बालकाचे दोन फोटो, आधार कार्ड असल्यास. झेरॉक्स जमा करावी, मूळ प्रत दाखवून परत न्यावी. जन्मदाखला येणे बाकी असल्यास अर्ज थांबवू नका, कार्यालयात सांगा. दुसरी ते चौथीसाठी शाळा सोडल्याचा दाखला निवडीनंतर द्यावा.

अर्ज देण्यासाठी एक पालक पुरेसा आहे. बालकास आणू नये. चाचणी किंवा मुलाखत नाही. अर्ज जास्त आल्यास मंगळवार, २४ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजता शाळेच्या सभागृहात पालकांसमोर सोडत होईल. निवड यादी बुधवार, २५ फेब्रुवारी रोजी सूचना फलकावर लागेल. शुल्क भरून प्रवेश निश्चित करण्याची शेवटची तारीख : शुक्रवार, ६ मार्च २०२६.

आरटीई २५ टक्के जागांचे अर्ज शाळेत घेतले जात नाहीत; ते student.maharashtra.gov.in या शासकीय संकेतस्थळावर, शासनाने जाहीर केलेल्या मुदतीतच भरावेत.

चौकशी : (कार्यालयाचा दूरध्वनी), सकाळी १० ते १ आणि दुपारी २.३० ते ४.”

मजकूर मूळ कॅप्शनपेक्षा बराच लांब आहे, पण इन्स्टाग्रामच्या २,२०० चिन्हांच्या मर्यादेत तो मावतो. शाळेचे नाव फार लांब असेल, तर रहिवासाचे पुरावे आणि वर्गांच्या जन्मतारखा यांसारखा तपशील अर्जावर हलवावा, मुदतीच्या तारखा मात्र कापू नयेत. पहिला परिच्छेद न उलगडता दिसतो आणि तेवढ्यावर पालकाला तारीख कळते. एखादी तारीख पुढे बदलली, तर जुन्या कॅप्शनमध्ये गुपचूप दुरुस्ती करून भागत नाही, कारण पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. “सुधारित सूचना” असा मथळा आणि प्रसिद्धीची तारीख घालून नवा संदेश त्याच सगळ्या ग्रुपवर पाठवावा आणि फाटकावर कागदही लावावा.

येथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे

काही ठिकाणी मजकूर दुरुस्त करत बसू नये. शाळेची मान्यता किंवा एखाद्या वाढीव वर्गाची परवानगी अजून आलेली नसेल, तर सूचना देऊच नये. महापालिका हद्दीत महापालिकेचा शिक्षण विभाग आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रवेशासोबत देणगी, इमारत निधी किंवा परत न मिळणारी अनामत घेण्याचा उल्लेख व्यवस्थापनाला हवा असेल, तर ती ओळ लिहिणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घालू नये. शुल्काबाहेरची रक्कम घेण्यावर राज्यात १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि शिक्षण हक्क कायद्यात अशा रकमेच्या दहापट दंडाची तरतूद आहे. हा प्रश्न वकिलाचा आहे. वयाच्या अटीत सवलत मागणारा, विशेष गरजा असलेल्या बालकाचा किंवा आई-वडिलांत ताब्याचा वाद चालू असलेल्या बालकाचा अर्ज आला, तर त्याचे उत्तर कॅप्शनखालच्या प्रतिक्रियेत देऊ नये. पालकांना भेटीस बोलावून मुख्याध्यापकांनी तो अर्ज स्वतः पाहावा आणि आवश्यक तेथे शिक्षण विभागाकडे लेखी विचारणा करावी. आणि आरटीईच्या संकेतस्थळावर पालकाचा अर्ज अडकला असेल, तर शाळेच्या कार्यालयाने त्याचा पासवर्ड घेऊन खटपट करू नये. अर्ज क्रमांक आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो घेऊन त्याला त्याच दिवशी शासनाच्या मदत केंद्राकडे पाठवावे, कारण ती मुदत वाढवण्याचा अधिकार शाळेला नाही.